तासांचा हिशेब – भाग ७ : चूक नेमकी कुठल्या कामात?

जॉब कार्ड कसं भरावं, थांबलेल्या मशीनचे तास कामाच्या तासांत का मिसळू नयेत, हे गेल्या भागात पाहिलं. कार्डं सहा महिने इमानाने भरली की मालक सगळ्यात आधी एक बेरीज करतो. सगळ्या मोल्डचे धरलेले तास एका बाजूला, लागलेले तास दुसऱ्या बाजूला. उत्तर येतं की आपण साधारण वीस टक्के कमी धरतो. मग पुढच्या प्रत्येक कोटेशनवर वीस टक्के चढवायचं ठरतं आणि विषय मिटला असं वाटतं. माझ्या मते टूलरूम तोट्यात घालायचा यापेक्षा सोपा मार्ग नाही. कसा, ते एका उदाहरणाने पाहू.

भोसरी किंवा चाकणच्या पट्ट्यात असते तशी एक छोटी टूलरूम घ्या, प्लास्टिकच्या भागांचे इंजेक्शन मोल्ड बनवणारी. आकडे समजण्यापुरते आहेत, पण त्यांची ठेवण खरी आहे. आठ मोल्ड पूर्ण झाले आणि कार्डांवरचे तास कामाच्या प्रकारानुसार वेगळे काढले, तर असं दिसलं :

| काम | धरलेले तास | लागलेले तास | पट |
|---|---|---|---|
| डिझाइन | ४८० | ५२० | १.१ |
| सीएनसी मशिनिंग | १२०० | ११८० | १.० |
| स्पार्क | ५६० | ६५० | १.१५ |
| फिटिंग | ४८० | ६०० | १.२५ |
| पॉलिशिंग | २४० | ३९० | १.६ |
| ट्रायलनंतरची दुरुस्ती | १६० | ४२० | २.६ |
| एकूण | ३१२० | ३७६० | १.२ |

मशिनिंगचा अंदाज जवळजवळ बिनचूक आहे आणि त्यात कुणाची हुशारी नाही. टूलपाथ तयार झाला की कॅमचं सॉफ्टवेअरच मिनिटं सांगतं. त्यात जॉब बांधण्याचा वेळ मिळवला की झालं. अंदाज चुकतो तो माणसाच्या हातावर चालणाऱ्या कामात. एकूण वीस टक्क्यांच्या आकड्यात ही दोन्ही टोकं एकमेकांत मुरून जातात.

आता दोन नव्या चौकशा आल्या. एक भाजीच्या क्रेटचा मोल्ड, दुसरा पारदर्शक झाकणाचा. जुन्या सवयीने दोन्हींचा अंदाज ३०० तास निघाला आणि वीस टक्के चढवून दोन्हींना ३६० तासांचा भाव दिला. पण क्रेटच्या ३०० पैकी १९० तास मशिनिंगचे आहेत, पॉलिशिंग आणि दुरुस्तीचे मिळून फक्त वीस. प्रत्येक कामाला त्याची त्याची पट लावली तर हा मोल्ड सुमारे ३३७ तासांत बसतो. झाकणाचं उलट आहे. तिथे मशिनिंग ७०, पॉलिशिंग ७० आणि दुरुस्ती ४० तास. हे गणित ४२६ तासांवर जातं.

म्हणजे क्रेट आपण महाग सांगितला आणि झाकण स्वस्त. क्रेटचं काम शेजारचा घेऊन जाणार, झाकणाचं आपल्याकडे येणार. सरसकट टक्का लावणाऱ्या दुकानात हळूहळू तोट्याचीच कामं भरत जातात, आणि मालक म्हणतो की ऑर्डरी तर भरपूर आहेत, मग पैसा जातो कुठे?

इथवर प्रकारवार तुलनेचा सरळ फायदा झाला. पण पॉलिशिंगच्या १.६ या आकड्यावरही लगेच विश्वास टाकू नये. आठ मोल्ड एकेक करून पाहिले तर पाचांची पट १.० ते १.१३ च्या दरम्यान आहे, आणि उरलेल्या तिघांची २.२ ते २.४. १.६ पट लागलेला मोल्ड एकही नाही! सरासरी अशा जागी पडली आहे जिथे कुणीच राहत नाही.

ते तीन मोल्ड कोणते, हे विचारायला फार लांब जावं लागत नाही. तिन्ही पारदर्शक भागांचे, आरशासारखं फिनिश मागणारे. साध्या मोल्डला स्टोन मारला, एमरी पेपर फिरवला की बऱ्याचदा भागतं. आरसा-फिनिशला त्यापुढे डायमंड पेस्टचे हात एकापेक्षा एक बारीक होत जातात, आणि खरी गोची तिथेच आहे. स्पार्कची एखादी खूण किंवा आधीच्या जाड पेपरचा एखादा ओरखडा शेवटच्या पेस्टनंतरच डोळ्यांत भरतो. मग पॉलिशरला पुन्हा पेपरवर यावं लागतं आणि तिथून परत सगळे टप्पे करावे लागतात. अंदाज देणारा कॅव्हिटीचं क्षेत्रफळ बघून तास सांगतो. हे मागे फिरणं क्षेत्रफळात दिसत नाही. म्हणून 'पॉलिशिंग' हा एक प्रकार न ठेवता 'साधं' आणि 'आरसा' असे दोन करायचे. साध्याची पट १.१ येते, आरशाची सुमारे २.२५. झाकणाचा मोल्ड या नव्या हिशेबाने ४२६ वरून ४७२ तासांच्या आसपास जातो. ३६० तासांच्या भावाने घेतलं असतं तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

प्रकार फोडायचे किती, हा प्रश्न लगेच येतो. हौस म्हणून वीस प्रकार केले तर प्रत्येकात एखाद-दुसरा मोल्ड उरतो, आणि एका मोल्डवरून पट काढणं म्हणजे जुगारच. माझा ठोकताळा साधा आहे. पटी दोन ठिकाणी गोळा झालेल्या दिसल्या आणि त्याचं कारण दुकानातल्या माणसाला एका वाक्यात सांगता आलं, तरच फोडायचं. वरच्या उदाहरणात आरशाचे तीनच मोल्ड आहेत. पण पटी एकमेकींना लागून आहेत आणि कारण हाताला लागतं, म्हणून तिथे धाडस करायला हरकत नाही.

दुरुस्तीचं काम मात्र वेगळ्या जातीचं आहे. प्रत्येक मोल्डला २० तास धरले होते. लागले १०, १४, १८, २५, ३०, ४८, ९५ आणि १८०. इथे चूक एका बाजूला झुकलेली नाही, ती विखुरलेली आहे. २.६ पट लावली की ५२ तास येतात, आणि तरीही आठातले सहा मोल्ड त्याखाली राहतात, दोन त्याच्या कितीतरी वर जातात. झुकलेली चूक गुणाकाराने सरळ होते. विखुरलेली होत नाही.

आधी १८० तासांचं कार्ड उघडून पाहावं. त्यावर बहुधा असं निघतं की ट्रायल झाल्यावर ग्राहकाने भागाचं ड्रॉइंग बदललं. ही अंदाजाची चूक नव्हे, हे नवं काम आहे. त्याचं वेगळं कार्ड आणि वेगळं बिल व्हायला हवं होतं. ते बाजूला काढलं की उरलेल्या सातांची सरासरी ३४ तासांवर येते. ९५ तासांच्या मोल्डचं कारण बहुतेक तांत्रिक असतं. अनुभवी टूलमेकर शंकेच्या जागी स्टील जास्त ठेवतो, कारण पुढे घासून काढणं सोपं असतं. जिथे उलट झालं, म्हणजे स्टील कमी पडलं, तिथे वेल्डिंग करून भर घालायची, परत मशिनिंग, परत पॉलिश. फ्लॅश येतो म्हणून पार्टिंग लाइन बसवणं आणि माप चुकलं म्हणून वेल्डिंग करणं या दोन्हींना कार्डावर 'दुरुस्ती' एवढंच लिहिलं, तर फरक कधीच कळणार नाही.

एवढं करूनही दुरुस्तीचे तास १० ते ९५ असे पसरलेले राहतातच. अशा कामाला एक आकडा न देता दोन द्यावेत. भाव ठरवताना सरासरी घ्यायची, कारण वर्षभरात स्वस्तात सुटलेले मोल्ड महागात गेलेल्यांची भरपाई करतात. डिलिव्हरीची तारीख देताना मात्र वरच्या टोकाचा आकडा धरायचा. ग्राहकाला त्याचा एकच मोल्ड हवा असतो. बाकीचे सहा वेळेत गेले, याचं त्याला सोयरसुतक नसतं.

'वाईटात वाईट किती लागतील?' असं फोरमनलाच विचारून हे वरचं टोक मिळेल असं वाटतं, पण तसं होत नाही. ब्यूहलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांचा १९९४ सालचा प्रसिद्ध अभ्यास आहे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३३.९ दिवसांचा अंदाज दिला, लागले ५५.५ दिवस. सगळंच बिघडलं तर किती, याचंही उत्तर त्यांच्याकडून घेतलं होतं. तेही सरासरी ४८.६ दिवसच निघालं. वरचं टोक जुन्या कार्डांतूनच घ्यावं लागतं.

कार्डं खरी आहेत ना, हे तपासायची एक खूण सांगतो. साध्या पॉलिशिंगच्या पाच मोल्डांत एक नोंद आहे : धरलेले ३०, लागलेले ३०. अशी एखादी असेल तर योगायोग म्हणता येईल. महिन्यात चार-पाच दिसू लागल्या तर समजावं की कार्डावर अंदाज छापलेला आहे आणि कामगार शनिवारी संध्याकाळी तोच आकडा उतरवतो आहे. तो लबाड आहे असं नाही. तीस लिहिलं की कुणी काही विचारत नाही, एवढं त्याला कळलेलं असतं. अंदाजाचा रकाना ऑफिसात ठेवावा, शॉप फ्लोअरवरच्या कार्डावर नको. आणि काम सुरू झाल्यावर तो रकाना कुणीही सुधारू नये, नाहीतर सगळ्या पटी आपोआप १.० च्या जवळ येतील आणि त्यांचा काडीचाही उपयोग उरणार नाही.

शेवटचा घोटाळा पट लावायला लागल्यानंतरचा आहे. ऑफिसने फिटिंगच्या तासांना १.२५ ने गुणायला सुरुवात केली. इकडे फोरमनकाकांनीही तक्ता पाहिलेला असतो. पुढच्या मोल्डला ते साठऐवजी पंच्याहत्तर तास सांगतात आणि ऑफिस त्यालाच पुन्हा गुणून चौऱ्याण्णव करतं. भाव पडत नाही म्हणून विचारलं तर काका म्हणतात, "अहो, मी आधीच धरलंय की त्यात." म्हणून सुधारणा एकानेच करायची, आणि माझा कौल ऑफिसच्या बाजूने आहे. काकांनी नेहमीच्या सवयीने, मनाला येईल तो आकडा सांगावा. तोच जसाच्या तसा वहीत जावा. भाव लिहिताना पट ऑफिसने लावावी. काकांची सवय बदलली, ते निवृत्त झाले किंवा नवं स्पार्क मशीन आलं, की त्या कामाची पट जुनी झाली. सगळा तक्ता फाडायची गरज नाही. त्या एका ओळीतले जुने मोल्ड गाळायचे आणि नवे चार-पाच होईपर्यंत तेवढ्या कामाचा भाव जरा हात राखून द्यायचा.