एकसष्टाव्या दिवसाचा जामीन

14 मे 2020. सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, येस बँक प्रकरणात डीएचएफएलचे प्रवर्तक कपिल आणि धीरज वाधवान यांना अटक केली आणि त्याच दिवशी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना कोठडी सुनावली. ईडीने प्रत्यक्ष कागद न्यायालयात दाखल केले 13 जुलैला. त्याच दिवशी सकाळी वाधवानांच्या वकिलांचा जामीन अर्ज ई-मेलने येऊन पडला होता. त्या अर्जात आरोपी निर्दोष आहेत की नाहीत, हा मुद्दाच नव्हता. साठ दिवस उलटले, एवढेच म्हणणे होते.

हाच डिफॉल्ट जामीन. कायदा तपासाला मुदत घालत नाही; तो मुदत घालतो ती आरोपीला आत ठेवून तपास करण्याला. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवस, बाकीच्या गुन्ह्यांत साठ. तेवढ्यात आरोपपत्र आले नाही, तर जामीन द्यायला तयार असलेल्या आरोपीला सोडावेच लागते. गुन्हा किती गंभीर, पुरावा किती भक्कम, हे न्यायाधीशाने पाहायचे नसते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 167(2) मधली ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187(3) मध्ये आहे. एरवी मनी लाँडरिंगच्या गुन्ह्यात जामीन मिळवताना भल्याभल्यांची दमछाक होते, पण हे कलम तिथेही लागू पडते.

आता दिवस मोजू. कोठडीचा पहिला दिवस, 14 मे, धरला तर मेचे अठरा, जूनचे तीस आणि जुलैचे बारा. 12 जुलैला साठ भरले. 13 जुलैचे कागद एक दिवस उशिराचे. पहिला दिवस सोडून दिला, तर 13 जुलै हाच साठावा आणि ईडी वेळेत. म्हणजे जामीन मिळणार की नाही, हे त्या एका दिवसावर ठरणार होते. 12 जुलैला रविवार होता. पण सुट्टी आली म्हणून मुदत पुढे सरकत नाही. कोविडचेही निमित्त चालले नसते. टाळेबंदीत दाव्यांच्या आणि अपिलांच्या मुदती वाढवल्या असल्या, तरी या कलमाला ती सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. कासी प्रकरणात जून 2020 मध्येच सांगून टाकले होते.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये जामीन दिला. ईडी सर्वोच्च न्यायालयात गेली. पहिला दिवस धरायचा की सोडायचा, यावर त्या न्यायालयाचेच जुने निकाल दोन दिशांना तोंड करून होते, म्हणून प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला. 27 मार्च 2023 रोजी उत्तर मिळाले: कोठडी सुनावल्याचा दिवस धरायचा. मोजणी अटकेपासून नव्हे, कोठडीच्या पहिल्या आदेशापासून, आणि तो दिवस पकडूनच.

मात्र हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. तो मागावा लागतो, आणि आरोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. भीमा कोरेगाव प्रकरणात हे लख्ख दिसले. पुण्याच्या ज्या न्यायालयाने तपासाची मुदत वाढवली, त्याला तो अधिकारच नव्हता, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1 डिसेंबर 2021 रोजी ठरवले. सुधा भारद्वाज यांनी वेळेत अर्ज केला होता. त्यांना जामीन मिळाला. त्याच प्रकरणातल्या इतर आठ जणांनी वेळेत अर्ज केला नव्हता, म्हणून ते आतच राहिले. चूक यंत्रणेची आणि भुर्दंड आरोपीला, हे खटकते. पण आज कायदा असाच आहे. एकदा अर्ज गेला, की मागाहून धावतपळत आणलेल्या आरोपपत्राने तो हक्क बुडत नाही, एवढा दिलासा आहे.

वेळेत आलेल्या आरोपपत्रात त्रुटी असतील तर? इथे पुन्हा वाधवानच. सीबीआयच्या दुसऱ्या एका प्रकरणात आरोपपत्र नव्वद दिवसांच्या आत आले होते, पण इतरांविरुद्धचा तपास बाकी होता. म्हणजे हे आरोपपत्र अपुरे, असे म्हणत त्यांनी जामीन मिळवला. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: आरोपीविरुद्ध पुरेसा मजकूर असलेले आरोपपत्र मुदतीत आले, की हा हक्क उरत नाही.

घरचे कोणी कोठडीत असेल, तर पहिल्या कोठडी आदेशाची तारीख लिहून ठेवा आणि ती धरून दिवस मोजा. यूएपीए किंवा अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत मुदत जास्त असू शकते, ते वकिलाला विचारा. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, न्यायालय उघडताच, अर्ज करा. वकील पोहोचला नसेल तर तोंडी विनंतीही चालते. राकेश कुमार पॉल खटल्यात 2017 साली ती मान्य झाली आहे. आणि जामीनदार आधीच तयार ठेवा, कारण आदेश झाला तरी जामिनाची पूर्तता होण्याआधी आरोपपत्र आले, तर हातातोंडाशी आलेली सुटका जाते.