हरवलेला डबा आणि तीन प्रश्न

'झुपक्याने टिमलीला लाल फुरंगी दिली.' हे वाक्य वाचा आणि सांगा: फुरंगी कोणी दिली? कोणाला दिली? ती कोणत्या रंगाची होती? तिन्ही उत्तरं तुम्हाला झटकन देता येतात. फुरंगी म्हणजे काय, हे मात्र सांगता येत नाही, कारण असा शब्दच नाही.

दुसरीतली पुष्कळ मुलं असंच वाचतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य वहीत उतरवून काढायचं. उत्तर बरोबर येतं, बाईंची खूण मिळते, पण मुलाला गोष्ट कळली की नाही याचा पत्ता कोणालाच लागत नाही. म्हणून सात वर्षांच्या मुलांसाठी गोष्ट निवडताना किंवा लिहिताना तिच्याखालच्या प्रश्नांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. प्रश्न तीनच असले तरी पुरतात, मात्र तिघांचं काम वेगवेगळं हवं. त्यासाठीच लिहिलेली ही छोटी गोष्ट पाहा.

ओवी शाळेच्या बसमध्ये चढली. बाहेर पाऊस पडत होता. ओवी पुढच्या सीटवर बसली. तिने आपला गोल, पिवळा डबा मांडीवर ठेवला.

वाटेत मोठा खड्डा आला. बस जोरात हादरली. मुलं ओरडली आणि मग हसू लागली. ओवीही हसली. पुढे चढ लागला. बस हळूहळू वर गेली.

शाळा आली. ओवी उठली. पण डबा कुठे आहे? मांडीवर नाही. दप्तरात नाही. ओवीचे डोळे भरून आले.

"रडू नको. आपण शोधू," मावशी म्हणाल्या.

कबीर खाली वाकला. एकेका सीटखाली बघत तो मागे गेला. शेवटच्या सीटखाली त्याला डबा दिसला. त्याने आत हात घातला. डबा मिळाला, पण कबीरची बाही चिखलाने भरली.

ओवीने डबा उघडला. आत दोन पोळ्या होत्या. "एक तुला," ती कबीरला म्हणाली.

१. ओवीने डबा कुठे ठेवला होता?
२. डबा शेवटच्या सीटखाली कसा गेला?
३. घरी गेल्यावर कबीर आईला बाहीबद्दल काय सांगेल?

गोष्ट शंभर शब्दांची आहे. केंद्र सरकारने 2021 मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. त्या वेगाने ही गोष्ट दोनेक मिनिटांत वाचून होते. वाक्यं मुद्दाम आखूड ठेवली आहेत आणि जोडाक्षरं आहेत ती मुलांच्या रोजच्या बोलण्यातली. 'ओवी कासावीस झाली' असं न म्हणता 'डोळे भरून आले' म्हटलं, कारण ते मुलाने पाहिलेलं असतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात जसंच्या तसं आहे: मांडीवर. फुरंगीच्या प्रश्नासारखाच हा प्रश्न आहे, तरी तो हवा. बिचकणाऱ्या मुलाला पहिलं उत्तर आपलं आपण सापडलं की ते पुढच्या प्रश्नाला तयार होतं. आपलंही एक काम होतं, मुलाने पान नीट पाहिलं आहे एवढं कळतं. त्याहून जास्त काही त्यावरून ठरवू नये.

दुसरा प्रश्न या गोष्टीचा कणा आहे. डबा पडला, असं गोष्टीत कुठेच लिहिलेलं नाही, आणि तो घरंगळला असंही नाही. मुलाला चार धागे एकत्र आणावे लागतात. डबा मांडीवर होता, खड्ड्यात बस हादरली, डबा गोल होता आणि पुढे चढ होता, म्हणजे बसची मागची बाजू खाली गेली. हे धागे वेगवेगळ्या वाक्यांत पेरले आहेत, त्यामुळे एक वाक्य उतरवून भागत नाही.

या प्रश्नाला मुलं जी उत्तरं देतात, ती नीट ऐकावीत. 'खड्ड्यात पडला' म्हणणाऱ्या मुलाने निम्मी वाट चालली आहे. त्याला एवढंच विचारावं, "पडला तो पुढेच, मग मागे कसा पोचला?" बहुतेकदा ते स्वतःच पुन्हा पानाकडे वळतं. 'कोणीतरी लपवला' म्हणणारं मूल स्वतःच्या वर्गातला अनुभव गोष्टीत आणतं. त्याला चूक म्हणू नये, "गोष्टीत तसं कुठे दिसतं, दाखव" म्हणावं. बोट ठेवायला जागा सापडली नाही की अंदाज आणि आधार यांतला फरक त्याला कळू लागतो.

आणि एखादं मूल गप्पच राहिलं तर? तेव्हा गोष्ट आपण मोठ्याने वाचून दाखवायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. ऐकून उत्तर आलं तर समजेची अडचण नाही. अक्षरं जुळवण्यातच त्याची सगळी शक्ती संपते, त्याला वाचनाचा सराव हवा. ऐकूनही उत्तर आलं नाही, तर बसमधला चढ, घरंगळणं, हादरणं यांवर आधी गप्पा हव्यात. गरज वाटली तर टेबलाचं एक टोक उचलून त्यावर गोल डबा सोडून दाखवावा. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये हीच मांडणी केली: वाचून कळण्यासाठी अक्षरं वाचता यायला हवीत आणि भाषा ऐकून समजायला हवी, दोन्हींपैकी एक नसेल तर वाचन अडतं.

तिसऱ्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. 'मी ओवीला मदत केली' असं एखादं मूल सांगेल. दुसरं म्हणेल, 'आई रागावेल म्हणून तो बाही लपवेल'. दोन्ही चालतात, कारण दोन्हींत मुलाला कबीरच्या जागी उभं राहावं लागतं. 'तो पावसात पडला असं सांगेल' हेही चालेल, पण मग "खोटं का सांगेल?" हे विचारायला हवं.

इथे दोन सवयीचे प्रश्न आपल्या हातून सहज लिहिले जातात. एक, 'तुमचा डबा हरवला तर तुम्हाला कसं वाटेल?' याचं उत्तर गोष्ट न वाचताही देता येतं. दुसरा, 'या गोष्टीवरून काय बोध मिळतो?' त्यावर 'नेहमी मदत करावी' हे ठरलेलं वाक्य येतं आणि मुलाचा विचार तिथेच थांबतो. बाहीच्या प्रश्नासाठी मात्र बाही का मळली हे वाचलेलं असावं लागतं. कोणताही प्रश्न तपासायचा सोपा उपाय म्हणजे गोष्ट न वाचलेल्या मुलाला तो विचारून बघणं. त्यालाही उत्तर आलं, तर प्रश्न बदलावा.

उत्तरं तोंडीच घ्यावीत. सात वर्षांच्या मुलाच्या मनात जेवढं असतं तेवढं त्याला अजून लिहिता येत नाही, आणि लिहायला लावलं की ते आखूड उत्तर शोधतं.

अशी गोष्ट स्वतः लिहायची असेल, तर दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी. डबा कसा हरवला ते आधी ठरवायचं, त्याची कारणं दोन-तीन वाक्यांत विखरून ठेवायची आणि नेमकं तेवढं एक वाक्य लिहायचं नाही. ते वाक्य मुलाने मनात तयार केलं, की गोष्ट त्याला कळली असं खुशाल समजावं.