गुलाबी पाण्याचा फोटो कुठला?

गुलाबी तळ्याचा फोटो दिसला की अनेकजण लगेच ऑस्ट्रेलियातल्या हिलियर सरोवराचं नाव घेतात. पण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव जगात अनेक ठिकाणी पाणी गुलाबी करतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून जागा ठरत नाही. आधी काठ पाहावा. हिलियरच्या कडेला मिठाची पांढरी पट्टी आणि निलगिरीची झाडी दिसते, पलीकडे लगेच निळा समुद्र. सेनेगलच्या रेत्बा सरोवराकाठी मिठाचे ढीग आणि होड्या असतात.

फोटोत पाण्याभोवती सगळीकडून गोल, झाडीने भरलेला उंच कडा असेल, तर बुलढाण्याच्या लोणारचा विचार करावा. उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. काठावर कमळजादेवीचं मंदिर दिसलं, तर शंका उरत नाही.

इथे रंगावरून तारखेचा अंदाजही येऊ शकतो. एरवी शेवाळामुळे हिरवट दिसणारं हे पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झालं होतं. मात्र फिल्टर लावून रंग सहज बदलता येतो. म्हणून आधी त्याच फोटोतलं आकाश आणि झाडी नैसर्गिक रंगाची आहे का, ते तपासा.