इंदूरची लोकसंख्या नेमकी किती? आकडा लिहिताना त्याचा पत्ताही लिहा

इंदूर : होळकरांच्या लालबाग राजवाड्याच्या आवारात वर्षभर काही ना काही कार्यक्रम चालू असतात. मंचावर भाषणं होतात आणि भाषणात कुठे ना कुठे शहराची लोकसंख्या येतेच. एक वक्ता सांगतो, इंदूर वीस लाखांचं शहर. दुसरा म्हणतो, बावीस लाख. तिसरा थेट तेहतीस लाखांवर जातो. ऐकणाऱ्याला वाटतं, तिघांपैकी दोघे तरी थापा मारत असणार. प्रत्यक्षात तिघेही २०११ च्या जनगणनेतलाच आकडा सांगत असू शकतात.

२०११ च्या अंतिम आकड्यांनुसार इंदूर महापालिकेच्या हद्दीत १९,६४,०८६ लोक होते. हद्दीला लागून वाढलेल्या, पण महापालिकेत नसलेल्या वस्त्या जनगणनेत ‘आउटग्रोथ’ म्हणून वेगळ्या मोजल्या जातात. त्या धरल्या की आकडा १९,९४,३९७ होतो. शहराला खेटून असलेली इतर नागरी गावं घेऊन जो ‘नागरी समूह’ बनतो, त्याची लोकसंख्या २१,७०,२९५. आणि पूर्ण इंदूर जिल्हा, म्हणजे खेडी धरून, ३२,७६,६९७. चारही आकडे खरे आहेत, चारही एकाच जनगणनेचे आहेत आणि चौघांनाही लोक सर्रास ‘इंदूरची लोकसंख्या’ म्हणतात.

गोंधळ इथेच संपत नाही. जुन्या बातम्यांत महापालिकेसाठी १९,६०,६३१ असाही एक आकडा सापडतो. तो चुकीचा नाही, तात्पुरता आहे. गणना झाल्यावर २०११ मध्येच घाईने आकडे जाहीर झाले, ते ‘प्रोव्हिजनल’. नीट छाननी होऊन अंतिम आकडे २०१३ मध्ये आले. फरक साडेतीन हजारांच्या आतला आहे. पण दोन कागदांवर दोन आकडे दिसले की वाचणारा दोन्ही कागदांवर संशय घेतो.

बिनपत्त्याचा आकडा कुठून आला, हे कधी कधी ओळखता येतं. इंदूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ जनगणनेत ३,८९८ चौरस किलोमीटर दिलं आहे. कुणी ‘दर चौरस किलोमीटरला ८३९ माणसं’ असं लिहिलं असेल, तर ८३९ ला ३,८९८ ने गुणून बघा. उत्तर ३२ लाख ७० हजारांच्या वर येतं, म्हणजे लिहिणाऱ्याने ३२,७२,३३५ हा तात्पुरता आकडा धरला होता. अंतिम आकड्याने घनता ८४१ येते. इतकी चौकशी करायला वेळ लागतो, आणि ती वाचकाने का करावी? लिहिणाऱ्याने एक ओळ जास्त लिहिली असती तर काम संपलं होतं.

ती ओळ कशी असते, ते महापालिकेच्या आकड्यावरच पाहू. ‘इंदूर महापालिका, आउटग्रोथ वगळून : १९,६४,०८६. स्रोत : भारताची जनगणना २०११, प्रायमरी सेन्सस ॲब्स्ट्रॅक्ट, मध्य प्रदेश (राज्य कोड २३), इंदूर जिल्हा (कोड ४३९), एकूण व्यक्तींचा रकाना, अंतिम आकडा. संदर्भ दिवस : १ मार्च २०११. हद्द : ३१ डिसेंबर २००९ ची.’ शेवटी फाइल कुठल्या तारखेला उतरवली, तेही टाकावं. संकेतस्थळाची रचना बदलते, जुने दुवे मरतात. त्यामुळे नुसतं censusindia.gov.in लिहून ठेवलेलं दोन वर्षांनी उपयोगी पडत नाही. तक्त्याचं नाव मात्र बदलत नाही. ते माहीत असलं की फाइल नव्या जागीही शोधता येते.

या ओळीत दोन तारखा का, असा प्रश्न पडेल. पहिली तारीख माणसं मोजण्याची. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी अशी चालली, पण आकडा धरला तो १ मार्चच्या पहिल्या क्षणाचा, म्हणजे रात्री बारा वाजताचा. मधल्या दिवसांत कुणी जन्मलं, कुणी गेलं, तर ती दुरुस्ती मार्चच्या पहिल्या पाच दिवसांच्या फेरीत झाली. दुसरी तारीख नकाशाची. गणनेआधी जिल्हे, तहसील, शहरं यांच्या हद्दी गोठवल्या जातात. २०११ साठी ही तारीख होती ३१ डिसेंबर २००९. म्हणजे माणसं मार्च २०११ ची, पण ज्या चौकटीत ती मोजली ती चौकट त्याच्या सव्वा वर्ष आधीची.

ही दुसरी तारीख लोक सर्वात जास्त विसरतात, आणि सर्वात मोठे घोळही तिथेच होतात. खंडव्याचं उदाहरण सीमाभागातल्या वाचकांना जवळचं वाटेल. २००१ च्या जनगणनेत पूर्व निमाड, म्हणजे खंडवा जिल्ह्याची लोकसंख्या होती १७,१३,१३४. २०११ मध्ये त्याच नावाच्या जिल्ह्याची लोकसंख्या १३,१०,०६१. दहा वर्षांत चार लाख माणसं कुठे गेली? ना दुष्काळ, ना साथ. १५ ऑगस्ट २००३ रोजी बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला, एवढंच घडलं. जनगणनेच्या ए-२ तक्त्यात जुने आकडे नव्या हद्दीप्रमाणे पुन्हा मांडलेले असतात. त्यात २००१ साठी खंडवा १०,७८,२५१ आणि बुऱ्हाणपूर ६,३४,८८३ असं दिलं आहे. दोघांची बेरीज करा, बरोबर १७,१३,१३४ येते. खंडव्याची लोकसंख्या घटली नव्हती, साडेएकवीस टक्क्यांनी वाढली होती.

इंदूर शहराच्या बाबतीत हीच चूक उलट्या बाजूने होते. २००१ मध्ये महापालिकेची लोकसंख्या १४,७४,९६८ होती. तिच्यासमोर २०११ ची महापालिका ठेवली तर वाढ सुमारे ३३ टक्के. पण कुणी अनवधानाने समोर २०११ चा नागरी समूह ठेवला, तर वाढ ४७ टक्के दिसते. शहर ‘फुगतंय’ अशी बातमी करायला एवढं पुरतं. खाली तक्ता आणि हद्द लिहिलेली असेल, तर संपादकीय टेबलावरच कुणीतरी विचारतो की एका बाजूला महापालिका आणि दुसऱ्या बाजूला समूह, हे कसं?

आता खुद्द लालबागचं घ्या. या परिसरात किती लोक राहतात, याचं सरळ उत्तर जनगणनेत नाही. जनगणना मोहल्ल्याचे नाही, वॉर्डाचे आकडे देते. २०११ चे वॉर्ड आणि आजचे वॉर्डही एक नाहीत. त्यानंतर आसपासची २९ गावं महापालिकेत आली आणि वॉर्ड ६९ चे ८५ झाले. आजच्या मतदार यादीवरचा वॉर्ड क्रमांक घेऊन २०११ च्या फाइलमध्ये तोच क्रमांक शोधला, तर आकडा सापडेल, पण तो दुसऱ्याच भागाचा असू शकतो. म्हणून वॉर्डाचा आकडा लिहिताना ‘२०११ चा वॉर्ड, ६९ वॉर्डांच्या रचनेतला’ एवढं जोडावंच लागतं. आणि नुसतं लालबाग म्हणून तर भागतच नाही. बुऱ्हाणपुरात रेल्वे स्टेशनच्या भागालाही लालबागच म्हणतात. मुंबईचं आणि बेंगळुरूचं लालबाग तर सगळ्यांना ठाऊक आहे.

मराठी माणसाचा खरा जीव अडकतो तो भाषेच्या आकड्यात. राज्याबाहेरच्या मराठी मंडळांना, शाळांना, संघटनांना निवेदनात लिहावं लागतं, ‘येथे इतके टक्के मराठी भाषक आहेत’. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशभर मान्य झालेल्या सवलतींमध्ये एक अशी आहे, की जिथे एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाचे सरकारी नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात. म्हणजे १४ आणि १६ मधला फरक कागदावरचा राहत नाही. अशा वेळी निवेदनात ‘अंदाजे’ लिहिलं किंवा आकड्याखाली काहीच लिहिलं नाही, तर समोरच्या कारकुनाला तो बाजूला सारायला कारण मिळतं.

भाषेचा आकडा सी-१६ या तक्त्यात असतो. २०११ चा हा तक्ता बाहेर यायला २०१८ उजाडलं, त्यामुळे काही जण त्याला ‘२०१८ चे आकडे’ म्हणतात. ते चूक आहे. प्रसिद्धीचं वर्ष वेगळं, संदर्भ दिवस तोच १ मार्च २०११. तक्ता जिल्हा आणि तहसीलपर्यंत उतरतो, म्हणून टक्केवारी जिल्ह्याची की तहसीलची, तेही लिहायला हवं. टक्केवारी काढताना वरची आणि खालची, दोन्ही संख्या याच तक्त्यातल्या आणि एकाच पातळीच्या घ्याव्यात. वर तहसीलचे मराठी भाषक आणि खाली शहराची लोकसंख्या, असा भागाकार निवेदनांत आढळतो आणि तो पहिल्याच तपासणीत पडतो.

शिवाय या तक्त्यात ‘मराठी’ हा शब्द दोनदा येतो. एकदा भाषा म्हणून, एकदा मातृभाषा म्हणून. देशभरात मराठी ‘भाषा’ या मथळ्याखाली ८,३०,२६,६८० लोक आहेत. पण त्याच्या आत मातृभाषेचं नाव ‘मराठी’ असंच सांगणारे ८,२८,०१,१४०. मधले सव्वादोन लाख म्हणजे कोळीसारखी वेगळी नावं सांगणारे, ज्यांना जनगणनेने मराठीच्या गटात टाकलं. दोन संस्थांनी एकाच तक्त्यातून दोन वेगळे आकडे दिले, तर भांडण्याआधी ओळ कुठली उचलली ते बघावं.

सी-१६ ची एक मर्यादाही आकड्याखाली लिहिण्यासारखी आहे. त्यात घरी सांगितलेली मातृभाषा मोजली आहे, मराठी येणारे लोक नव्हेत. इंदुरात चार पिढ्या झालेलं एखादं कुटुंब आडनावाने मराठी असेल, सणही मराठी करत असेल, पण गणकाला हिंदी सांगितलं असेल तर ते हिंदीत गेलं. ज्यांना मराठी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून येते, त्यांच्यासाठी सी-१७ हा वेगळा तक्ता आहे. ‘मराठी भाषक’ आणि ‘मराठी समाज’ हे शब्द निवेदनात अदलाबदलीने वापरले की आकडा आपोआप कच्चा होतो.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ हा जाहीर झाला आहे, आणि हद्दी ३१ डिसेंबर २०२५ च्या धरल्या जाणार आहेत. तो आकडा येईल तेव्हा २०११ शेजारी ठेवून इंदूरची वाढ मोजण्याची घाई होईल. त्या वाढीतली किती माणसं खरोखर वाढलेली आणि किती त्या २९ गावांसोबत नुसती हद्दीत आलेली, हे वेगळं काढायचं तर त्या गावांचे २०११ चे आकडे लागतील. ते आजही २०११ च्या ग्रामनिहाय तक्त्यांत, इंदूर जिल्ह्याच्या कोड ४३९ खाली, गावाच्या नावासमोर आणि कोडासमोर पडून आहेत.