व्हाउचर नंबर 147, 148 आणि 203

हाउसिंग सोसायटीचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि सहकार कायद्याप्रमाणे लेखापरीक्षण 31 जुलैपर्यंत व्हायला हवं. त्यासाठी ऑडिटरचं पत्र येतं, त्यात हव्या त्या कागदपत्रांची यादी असते. आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीला आलेल्या यादीत अकरा बाबी होत्या. सचिव म्हणून मी पहिल्या वर्षी सगळ्या फायली एका पिशवीत भरून नेऊन दिल्या. दोन महिने फोन येत राहिले.

पुढच्या वर्षी सूची केली. ती आपल्या कपाटाच्या क्रमाने लावायची नाही, ऑडिटरच्या पत्रातल्या क्रमाने लावायची. त्यांची बाब 4 म्हणजे आपलं जोडपत्र 4. समोर कागदाचं नाव, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंतचा, पानं किती, मूळ की झेरॉक्स. इतिवृत्ताची वही आणि सभासद नोंदवही आम्ही हातातून सोडत नाही. सूचीत ‘मूळ प्रत कार्यालयात पाहण्यास उपलब्ध’ असं लिहितो. एखादी बाब आपल्याकडे मुळातच नसेल, तर तिथे ‘लागू नाही’ लिहायचं. जागा कोरी ठेवली, की कागद हरवलाय की द्यायचा राहिलाय हे समोरच्याला कळत नाही.

व्हाउचर मोजताना खरी अडचण कळली. नंबर 1 ते 312, पण हातात 309. 147, 148 आणि 203 नव्हती. सूचीत तसंच लिहिलं आणि सोबत त्रुटींची वेगळी टीप जोडली. 147 प्लंबरच्या कामाचं, 18,400 रुपयांचं. बँक स्टेटमेंटमध्ये चेक दिसत होता आणि प्लंबरने बिलाची दुसरी प्रत दिली. त्या प्रतीवर ‘दुय्यम’ असं लिहून आजची तारीख घातली. 203 हा नंबर लिहिताना चुकून सुटला होता. कॅशबुकात 202 नंतर थेट 204 होतं आणि त्या दिवसांची बँकेतली प्रत्येक रक्कम जुळत होती.

148 मात्र रोखीचं होतं, 2,350 रुपये, गच्ची साफ केल्याचे. पैसे घेणारा माणूस गाव सोडून गेला होता. कॅशबुकातली नोंद आणि त्या महिन्याच्या कमिटी सभेने मंजूर केलेली खर्चाची यादी, एवढंच होतं. कोणीतरी सुचवलं, नवीन व्हाउचर करून जुनी तारीख टाका. मी स्पष्ट नाही म्हटलं. अशा व्हाउचरवर सही कोणाची घेणार? आणि ते उघडकीला आलं, तर उरलेल्या 309 व्हाउचरांवरचाही विश्वास जातो. टीपेत लिहिलं: ‘मूळ व्हाउचर सापडत नाही. वरील दोन नोंदींखेरीज पुरावा नाही.’

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, तारखेसकट. लेखापरीक्षण अहवालात 148 बद्दल एक शेरा आला. आम्ही दोषदुरुस्ती अहवालात तो घेतला आणि रोखीच्या प्रत्येक व्हाउचरचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, असा ठराव केला.