शंकेला उत्तर एका मिनिटाचं

“डिसेंबरात घेतलेल्या मधाच्या बाटलीत तळाशी साखर बसली आहे. शुद्ध म्हणून विकता आणि साखर घालता?”

समजा, महाबळेश्वर-वाईच्या बाजूला मधपेट्या ठेवून मध विकणारा एक छोटा ब्रँड आहे आणि त्याच्या रीलखाली एका ग्राहकानं हे लिहिलं आहे. रील पाहणारा प्रत्येक जण आता हा प्रश्नही वाचणार. पूर्वी असा प्रश्न दुकानात यायचा, दुकानदार काउंटरवरच उत्तर द्यायचा आणि विषय तिथंच संपायचा. आता प्रश्न चारचौघांत विचारला जातो, त्यामुळे उत्तरही चारचौघांतच द्यावं लागतं. म्हणूनच शंका पडद्यावर जशीच्या तशी ठेवून तिला व्हिडिओतून उत्तर द्यायची पद्धत रूढ झाली. ती आधी टिकटॉकवर रुळली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये इन्स्टाग्रामनं रील्समध्ये तशीच सोय दिली. आज घरगुती मसाले विकणाऱ्या गटापासून मोठ्या कंपन्यांपर्यंत अनेक जण ती वापरतात. त्यातले पुष्कळ व्हिडिओ मात्र शंका मिटवण्याऐवजी वाढवतात, कारण कॅमेरा सुरू करण्याआधी करायचं काम केलेलं नसतं.

मधाच्या बाबतीत ते काम म्हणजे ग्राहकाची शंका किती खरी आहे हे समजून घेणं. मधात साधारण ऐंशी टक्के साखरच असते, पण ती फुलांच्या रसातून आलेली असते. तिच्यात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज हे दोन मुख्य प्रकार. ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतं, म्हणून गारवा आला की त्याचे खडे धरतात. चौदा अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळ्यात लवकर होतं आणि आपल्याकडच्या डोंगरी भागात थंडीच्या रात्री पारा सहज तिथं येतो. मोहरीच्या किंवा सूर्यफुलाच्या फुलोऱ्यावरचा मध काही आठवड्यांतच घट्ट होतो, तर काही मध महिनोन्‌महिने पातळ राहतात. म्हणजे ग्राहकाला दिसलं ते खरंच आहे, त्यानं काढलेला निष्कर्ष तेवढा घाईचा आहे.

तरीही त्याची शंका वेडगळ नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’नं बाजारातल्या १३ ब्रँडचा मध तपासला. यातले बरेचसे नमुने भारतीय मानकांच्या नेहमीच्या चाचण्यांत उत्तीर्ण झाले होते. तेच नमुने जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर चाचणीला गेले, तेव्हा तेराांपैकी तीनच ब्रँड टिकले. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले, पण ग्राहकाच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. तेव्हा ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ एवढंच म्हणणारा व्हिडिओ या ग्राहकासाठी बिनकामाचा आहे.

आता खरी अवघड जागा येते. बहुतेक मधविक्रेते या शंकेला छातीठोकपणे उत्तर देतात की मध गोठला म्हणजेच तो शुद्ध. हे ऐकायला बरं वाटतं, पण ते चूक आहे. साखरेच्या पाकाची भेसळ केलेला मधही गोठू शकतो आणि काही शुद्ध मध वर्षभर पातळ राहतात. गोठण्यावरून शुद्धता ठरत नाही, अशुद्धताही ठरत नाही. पाण्याच्या पेल्यात थेंब सोडणं, कापसाची वात मधात बुडवून पेटवणं, अंगठ्यावर थेंब ठेवून तो ओघळतो का पाहणं, या घरगुती परीक्षांचीही तीच गत. घट्ट पाकही पेल्याच्या तळाशी जातो. वात पेटते की तडतडते हे ओलाव्यावर अवलंबून असतं, भेसळीवर नाही. कॅमेऱ्यासमोर हे प्रयोग छान दिसतात म्हणून ब्रँडना त्यांचा मोह पडतो. पण जाणकार प्रेक्षकानं तिथंच बोट ठेवलं की त्या ब्रँडच्या पुढच्या खऱ्या पुराव्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून संहिता लिहायला बसण्याआधी विक्रेत्यानं ग्राहकाकडून बाटलीवरचा लॉट क्रमांक मागवावा, त्याच लॉटची आपल्याकडे राखून ठेवलेली बाटली काढावी आणि त्या लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल समोर ठेवावा. या तिन्ही गोष्टी हाताशी असतील, तर संहिता साधारण अशी होईल.

(पडद्यावर ग्राहकाचा प्रश्न, एकही शब्द न बदलता. विक्रेत्याच्या हातात तळ गोठलेली बाटली.)

“एका ग्राहकानं विचारलंय, तळाशी साखर बसली आहे, तुम्ही साखर घालता का? नाही, घालत नाही. पण माझ्या नुसत्या सांगण्यावर जाऊ नका, हे बघा.”

(कॅमेरा लेबलवर. लॉट क्रमांक वाचता येईल इतका जवळ, इतका वेळ.)

“ही तुमच्याच लॉटची बाटली, आमच्याकडे ठेवलेली. हिच्यातही खडे धरलेत. मधातलं ग्लुकोज थंडीत असे खडे धरतं. पण मध गोठला म्हणून तो शुद्धच, असंही नाही. भेसळीचा मधसुद्धा गोठू शकतो.”

(अहवालाचा कागद. बोट लॉट क्रमांकावर, मग तारखेवर.)

“म्हणून हा याच लॉटचा तपासणी अहवाल. सगळी पानं आमच्या खात्यावर लावली आहेत, सावकाश वाचा.”

(पातेल्यात कोमट पाणी, त्यात थर्मामीटर आणि तीच बाटली.)

“बाटली चाळीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवा, खडे विरघळतील. उकळू मात्र नका. आणि वर फेस आला असेल, आंबूस वास येत असेल, तर तो मध बिघडलाय. खाऊ नका, आम्हाला परत पाठवा, पैसे परत देतो.”

हे सगळं नेहमीच्या गतीनं बोललं तर एका मिनिटात बसतं. ‘नाही, घालत नाही’ हे उत्तर पहिल्या काही सेकंदांतच यावं, कारण प्रेक्षक तेवढंच ऐकायला थांबलेला असतो. उत्तराआधी मधमाश्यांचं कौतुक आणि आजोबांच्या काळापासूनची परंपरा सांगत बसलं, की विक्रेता विषय टाळतोय असं वाटतं, मग तो खरं बोलत असला तरी.

या संहितेतली सगळ्यात मोलाची दोन वाक्यं ब्रँडच्या सोयीची नाहीत. भेसळीचा मधही गोठतो, हे पहिलं. ते बोलून विक्रेत्यानं आपल्या बाजूचा एक सोपा पुरावा सोडून दिला आणि त्यामुळेच पुढच्या अहवालाला वजन आलं. दुसरं फेसाबद्दलचं. मध गोठताना वरच्या पातळ थरात पाण्याचं प्रमाण वाढतं. मुळात मध ओला असेल तर त्या थरात आंबण्याची क्रिया सुरू होते. मधातला ओलावा वीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असं आपलं अन्नसुरक्षेचं मानक सांगतं. पण पोळ्यातला मध पुरता पिकायच्या आत काढला की हा आकडा ओलांडला जातो आणि आपल्या सातेरी माश्यांच्या मधात ही काळजी विशेष घ्यावी लागते. म्हणजे ग्राहकाची तक्रार बरोबर ठरेल अशीही एक शक्यता आहे आणि ती विक्रेत्यानं स्वतःच सांगितली. विश्वास बसतो तो इथं.

चित्रीकरणात एक बारीक अडचण येते. खडे विरघळायला बराच वेळ लागतो, म्हणून व्हिडिओ मध्ये कापावा लागतो. कापला की मधल्या वेळात बाटली बदलली असेल, ही शंका आलीच. त्याला उपाय म्हणजे लॉट क्रमांकाची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवायची आणि शेजारी घड्याळ ठेवायचं. पाणी किती तापवायचं तेही थर्मामीटरवर दिसलं पाहिजे. ‘कोमट’ म्हटलं की कोणी हात घालून पाहतं, तर कोणी बाटली थेट उकळत्या पाण्यात सोडतं. फार तापवलेल्या मधात एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं. त्याच्या प्रमाणावरही मानकात मर्यादा आहे आणि मध जास्त तापवला गेला का, हे प्रयोगशाळेत त्यावरूनच ओळखतात.

अहवालालाही मर्यादा असते. तो प्रयोगशाळेकडे पाठवलेल्या नमुन्याबद्दल बोलतो. गेल्या वर्षीच्या लॉटचा अहवाल यंदाच्या बाटलीला लागू होत नाही आणि ओलावा तपासलेला अहवाल साखरेच्या पाकाबद्दल काहीच सांगत नाही. व्हिडिओत अर्धा सेकंद कागद हलवून ‘हा बघा लॅब रिपोर्ट’ म्हणणारे अनेक जण असतात. व्हिडिओ थांबवून कागद वाचायचा प्रयत्न केला की लॉट क्रमांक दिसत नाही, तारीख बोटाखाली झाकलेली असते. तिथं शंका घ्यायलाच हवी.

व्हिडिओ गेला की पुढचा प्रश्न येतोच, आणि जाणकाराचा असेल तर असा येतो: “पावसाळ्यात पेट्यांना साखरपाणी देता की नाही?” देतात. महाबळेश्वरच्या पावसात माश्या बाहेर पडू शकत नाहीत, फुलोराही नसतो, म्हणून त्यांना जगवायला साखरपाणी द्यावं लागतं. त्या काळात मध काढायचा नसतो. हे लपवणारा विक्रेता पहिल्या व्हिडिओत कमावलेलं इथं घालवतो. ज्यानं साखरपाणी कधी दिलं, कधी थांबवलं आणि मध कधी काढला याची पेटीनिहाय नोंदवही ठेवली आहे, त्यानं ती वही उघडून दाखवावी.

प्रश्नकर्त्याचं नाव पडद्यावर ठेवण्याआधी त्याला विचारायला हवं. ही सोय वापरली की त्याचं खातं आपोआप दिसतं आणि मग ब्रँडचे चाहते त्याच्यावर तुटून पडतात. तो नको म्हणाला तर नाव झाकावं, प्रश्नाचे शब्द मात्र तेच ठेवावेत. काही ब्रँड तर खोट्या खात्यावरून स्वतःलाच प्रश्न विचारतात. असे प्रश्न ओळखू येतात, कारण त्यांना धार नसते आणि उत्तर जाहिरातीच्या ओळीशी तंतोतंत जुळतं. खऱ्या ग्राहकाच्या प्रश्नात राग असतो, एखादा चुकीचा शब्द असतो, बाटलीचा फोटो असतो. बनावट प्रश्नावर उभी केलेली जाहिरात ही दिशाभूल आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि लॉट तपासताना राखून ठेवलेल्या बाटलीतच फेस निघाला, तर ही संहिता फाडून टाकावी. त्या लॉटच्या सगळ्या ग्राहकांना कळवून माल परत घ्यावा आणि मगच कॅमेऱ्यासमोर यावं.