परीक्षण आणि पक्ष : केतकरांच्या जातिमीमांसेच्या निमित्ताने

चिंचवडच्या कामगार वस्त्यांतून महाविद्यालयात आलेली आपली मुले समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी ग्रंथपरीक्षण लिहितात, तेव्हा त्यांच्या हातून बहुधा सारांश लिहिला जातो. पहिल्या प्रकरणात लेखक काय म्हणतो, दुसऱ्यात काय म्हणतो, आणि शेवटी ग्रंथ वाचनीय असल्याचा शेरा. परीक्षकाचा पक्ष त्यात कोठेच नसतो. पक्ष घेतला की शास्त्रीयता गेली, अशी समजूत त्यामागे आहे. ती किती खोटी आहे, हे पाहण्यासाठी मी एका विद्यार्थ्याच्याच निबंधाकडे वळतो.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. हा निबंध म्हणजे केवळ ग्रंथपरीक्षण नव्हे. पण त्याच्या आरंभी आधीच्या अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या त्यांनी ज्या रीतीने तपासल्या, ती रीत परीक्षकाने शिकावी अशी आहे. त्यांत श्रीधर व्यंकटेश केतकरांचीही व्याख्या होती. केतकरांचा जातीच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला होता.

केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली : सभासदत्व जन्माने मिळते, आणि गटाबाहेर लग्न करण्यास बंदी असते. बाबासाहेब आधी श्रेय देतात. केतकरांनी जात एकटी न पाहता जातिव्यवस्थेचा भाग म्हणून पाहिली, हे त्यांना मोलाचे वाटते. मग ते दोष दाखवतात. ही लक्षणे दोन नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केले की सभासदत्व आपोआप आत जन्मलेल्यांपुरतेच उरते. म्हणून जातीचे खरे लक्षण एकच, जातीअंतर्गत विवाह. येथे स्तुती आणि दोष दोन्ही नेमक्या जागी आहेत, आणि दोषातूनच परीक्षकाचा स्वतःचा सिद्धांत उभा राहिला आहे. पक्ष म्हणतात तो हा.

नेसफील्ड यांनी सहभोजनाच्या अभावावर भर दिला होता. त्यावर बाबासाहेबांचा आक्षेप असा, की हा जातीचा परिणाम आहे, त्याला कारण मानता येत नाही. आपला विद्यार्थी हा आक्षेप चिंचवडमध्ये बसून तपासू शकतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कँटीनची तरतूद झाली. तेथे नाना जातींचे कामगार एका बाकावर जेवू लागले. सहभोजनाचा अभाव हेच जातीचे मूळ असते, तर त्या बाकावर जात मोडायला हवी होती. पण त्याच बाकावरचा माणूस मुलीसाठी स्थळ पाहताना कोणत्या जातीत पाहतो? अनुभव येथे परीक्षणात येतो तो प्रश्न म्हणून. चार घरांची उदाहरणे साऱ्या समाजाचा पुरावा होत नाहीत, एवढी मर्यादा मात्र पाळावी.

आता केतकरांच्या ग्रंथाचे परीक्षण लिहायचे झाले, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागेल : पुरावा. त्यांचा आधार मनुस्मृती. तिच्यावरून तिसऱ्या शतकातील समाजस्थिती ते मांडतात. मनूचा आधार का घेतला, एवढाच आरोप करणे अन्यायाचे होईल. कारण मनूचा पुरावा तपासणे हाच ग्रंथाचा जाहीर हेतू आहे. खरा प्रश्न पुढचा आहे. शूद्र पिता आणि ब्राह्मण माता यांच्यापासून चांडाळ झाला, असे मनू सांगतो. ही पाहिलेली वस्तुस्थिती, की एका समाजाला तळाशी ठेवण्यासाठी रचलेली उपपत्ती? नियम लिहिला गेला म्हणजे तो पाळला गेला, असे होत नाही. म्हणून ग्रंथकार मनूचे मत सांगतो आहे की मनूवरून इतिहास सांगतो आहे, हे परीक्षकाने जागोजागी पानांचे आकडे देऊन दाखवावे. ज्यांच्याविषयी नियम लिहिले त्यांचा आवाज या पुराव्यात नाही, हा आपला आक्षेपही येथेच बसतो. तो लेखकाच्या जातीवर घेतला तर शिवी होते. पुराव्यावर घेतला तर समीक्षा होते.

हा सारा पक्ष पहिल्याच परिच्छेदात एका वाक्यात यावा. मी तो असा लिहीन : केतकरांची व्याख्या जातीला व्यवस्थेत पाहते म्हणून ती उपयुक्त आहे; परंतु नियमग्रंथाच्या पुराव्यावरून प्रत्यक्ष आचाराविषयी काढलेला निष्कर्ष तेवढ्याने सिद्ध होत नाही. हजार शब्दांच्या परीक्षणात सारांशाला अडीचशे शब्द पुरतात. बाकीचे या वाक्याच्या दोन्ही अर्ध्यांना पुरावा देण्यात खर्च व्हावेत. लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेद या वाक्यासमोर धरावा. जो त्याला बळ देत नाही आणि त्याची मर्यादाही दाखवत नाही, तो सारांशच राहिला असे समजून काढून टाकावा.